रात्री साडेअकराला विचारू नकोस

ताई, मी एकतीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. सहा आठवड्यांपूर्वी बंबलवर ठाण्याच्या एका मुलाशी मॅच झालं. आठवड्याभरात आम्ही व्हॉट्सॲपवर आलो आणि तेव्हापासून रोज रात्री अकरा ते साडेबारा चॅट चालतं. तो छान लिहितो, विचारपूस करतो, मी सांगितलेलं लक्षात ठेवतो. पण फोनचं नाव काढलं की काहीतरी कारण निघतं. दोनदा रात्री ‘कॉल करू का?’ असं विचारलं, तर ‘आज नको, दमलोय’ म्हणाला. एकदा वैतागून ‘तू कधीच बोलत का नाहीस?’ असंही लिहिलं. त्यावर ‘मला फोनवर बोलायला जमत नाही गं’ एवढंच आलं. गेल्या आठवड्यात मी सरळ फोन लावला. त्याने कट केला आणि लगेच ‘काय झालं? सगळं ठीक ना?’ असा मेसेज आला. तो आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहतो. मैत्रीण म्हणते, हा फेक आहे, सोडून दे. मला तसं वाटत नाही. पण आवाजसुद्धा न ऐकता किती दिवस काढायचे? त्याला अवघडल्यासारखं न होता हे कसं सुचवू?
— एक वाचक, पुणे

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. तुमचं चॅट रात्री अकरानंतर चालतं, आणि दोन्ही वेळा तू कॉलचं विचारलंस तेही रात्रीच. आता त्या घराचा विचार कर. आईवडील, तो आणि धाकटा भाऊ एका छपराखाली राहतात, म्हणजे बहुतेक दोघं भाऊ एकाच खोलीत झोपत असतील, नाहीतर हा हॉलमध्ये गादी घालत असेल. दिवे मालवलेले, शेजारी भाऊ, भिंतीपलीकडे आई. अशा अंधारात तासभर टाइप करता येतं, पण चार वाक्यं बोलला तर सकाळी चहाला ‘रात्री कोणाशी बोलत होतास रे?’ ठरलेलंच. आणि ‘घरात बोलायला जागा नाही’ हे आवडत्या मुलीला सांगायला जड जातं. त्यापेक्षा ‘दमलोय’ म्हणणं सोपं. हेच कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्या वेळी त्याला हो म्हणणं अवघडच होतं त्या वेळी तू विचारलंस, म्हणून त्या दोन नकारांवरून त्याच्या मनाचा अंदाज बांधू नकोस.

‘तू कधीच बोलत का नाहीस?’ या प्रश्नाचं थोडं वेगळं आहे. त्यात तू वेळ मागितली नाहीस, खुलासा मागितलास, आणि त्याने खुलासाच दिला. त्यानंतर लावलेला फोन तर त्याच्या दृष्टीने धोक्याची घंटा होती. आधी न सांगता फोन वाजला की काहीतरी बिनसलंय असं धरून चालणारी माणसं आता खूप आहेत. त्याचा मेसेज पुन्हा वाच: ‘काय झालं? सगळं ठीक ना?’ तो चिडलेला नाही, घाबरलेला आहे. लगेच विचारलं ही त्याच्या बाजूने जमेची गोष्ट आहे. तरी असा अचानक फोन परत लावू नकोस.

आता त्या ‘जमत नाही गं’कडे येऊ. हे वाक्य तू वैतागात ओलांडून पुढे गेलीस असं मला वाटतं, आणि त्याच्याशी थांबून बोलायला हवं होतं. फोन न जमण्याची कारणं एकमेकांपासून फार लांबची असतात. कोणाला दिवसभर ऑफिसात कॉलवरच काम असतं आणि संध्याकाळी हेडफोन नकोसा होतो. कोणी लिहिताना सुचतं तसं खोडून पुन्हा लिहितो, बोलताना ती सोय नसते म्हणून गडबडतो. कोणी अडखळत बोलतो. अडखळणाऱ्या माणसाला समोरासमोर गप्पा मारण्यापेक्षा फोन पुष्कळदा जड जातो, कारण पलीकडच्याला चेहरा दिसत नाही आणि शब्द अडकला की लाइन कट झाली असं वाटून तो ‘हॅलो? हॅलो?’ सुरू करतो. या प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा आहे, म्हणून आधी विचारून घे. मात्र ‘का?’ असं मोकळं सोडू नकोस. उत्तरं तूच हातात देऊन ठेव, म्हणजे त्याला नुसतं एक निवडता येईल. असं लिही: ‘तू म्हणालास फोनवर जमत नाही. बोलायला अवघड वाटतं, की घरात निवांत जागा मिळत नाही? दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला चालेल. कळलं तर मी उगाच भलत्या वेळी विचारणार नाही. आणि परवाच्या अचानक फोनबद्दल सॉरी.’ हा मेसेज दिवसा पाठव, जेवणाच्या सुट्टीत वगैरे. रात्रीच्या रंगलेल्या चॅटमध्ये तो वाहून जाईल.

हे सगळं करायचं कशाला, असंही कदाचित तुझ्या मनात येत असेल. चॅट छान चाललंय, मग चालू दे की. पण सहा आठवड्यांनंतर नुसत्या लिखाणावर अवलंबून राहणं मला बरं वाटत नाही. जोसेफ वॉल्थर या अमेरिकन संशोधकाने १९९६ साली मांडलेलं एक निरीक्षण आजही लागू पडतं. लेखी संवादात लिहिणारा आपलं चांगलं तेवढं निवडून पुढे ठेवतो, आणि वाचणारा मधल्या रिकाम्या जागा आपल्या मनासारख्या भरून घेतो. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतं, तरी मनातला माणूस खऱ्यापेक्षा मोठा होत जातो. तुझ्या डोक्यात त्याचा एक आवाज आत्ताच तयार झाला असेल. तो जितका जुना होईल तितका खरा आवाज ऐकल्यावर धक्का मोठा. त्यालाही हीच भीती असू शकते: एवढं छान लिहिणारा मी, बोलताना फिका वाटलो तर?

या भीतीबद्दल अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या ओळखीच्या माणसाशी पुन्हा संपर्क करायचा असेल तर फोन जास्त अवघडल्यासारखा होईल, असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात फोन केलेल्यांना ईमेल केलेल्यांपेक्षा जवळीक जास्त वाटली आणि अवघडलेपणा मात्र वाढला नाही. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून चॅट, नुसता आवाज आणि व्हिडिओ अशी तुलना केली तेव्हाही जवळीक आवाजामुळेच वाढली, चेहरा दिसल्याने त्यात विशेष भर पडली नाही. तुझ्यासाठी यातली कामाची गोष्ट ही की जवळीक वाढवायला व्हिडिओ कॉलची घाई नको. साधा फोन पुरतो, आणि घरच्या बनियनमध्ये बसलेल्या माणसाला तो मागणं सोपंही असतं.

आता प्रत्यक्ष मेसेज. ‘बोलूया ना कधीतरी’ हे सगळ्यात निरुपयोगी आमंत्रण, कारण त्याला ‘हो, नक्की’ म्हणून दोघंही मोकळे होतात. तुझ्या मेसेजमध्ये वार आणि वेळ हवी, किती मिनिटं ते हवं, कशावर बोलायचं ते हवं, आणि नको म्हणायची वाट उघडी हवी. वेळ त्याच्या दिवसातून शोध. तो घराबाहेर एकटा कधी असतो? ऑफिसहून स्टेशनपर्यंत चालत येतो का, रविवारी सकाळी फिरायला जातो का? ठाण्याचा माणूस तलावपाळीला एखादी चक्कर मारत असेलच. सहा आठवड्यांच्या गप्पांत याचा उल्लेख कुठेतरी आलेला असणार. नसेल तर सहज विचार.

समज, तो रविवारी सकाळी तलावपाळीला फिरतो असं कळलं, आणि त्याने तुला त्याच्या हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकची अर्धी गोष्ट सांगून ठेवली आहे. मग गुरुवारी दुपारी असं लिही: ‘रविवारी सकाळी तू तलावपाळीला असशील तेव्हा दहा मिनिटं फोनवर बोलूया का? आठच्या सुमाराला मीही चालत असते. हरिश्चंद्रगडावर तुम्ही वाट चुकलात त्याच्या पुढचं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. साडेआठला मला घरी पोचायचं असतं, त्यामुळे लांबणार नाही. नको वाटलं तर बिनधास्त नाही म्हण, आपलं चॅट आहेच.’

यातली दहा मिनिटं फार महत्त्वाची आहेत. फोनला बिचकणाऱ्या माणसाला सुरुवातीपेक्षा शेवटाची धास्ती जास्त असते. बोलायचं संपलं, आता ठेवायचा कसा, हे त्याला कळत नाही. शेवट तू आधीच ठरवून दिलास की ती धास्ती जाते. विषय दिल्यामुळे ‘हं, अजून काय?’ची पाळी येत नाही. चालत बोलल्याने हातापायांना काम मिळतं, मधली शांतता टोचत नाही. आणि गुरुवारी विचारल्यामुळे त्याला मनाची तयारी करायला दोन दिवस मिळतात. ‘नाही म्हण’ हे वाक्य मात्र मनापासून लिही. त्याने नाही म्हटल्यावर तुझी उत्तरं तुटक व्हायला लागली तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

मेसेज गेला की गप्प राहा. ‘वाचलास का?’ नको, उदास स्मायली नको, स्टेटसवर सूचक ओळी तर नकोच. रविवारपर्यंत रोजचं चॅट रोजच्यासारखं चालू दे.

उत्तर काय येतं यापेक्षा ते कसं येतं ते बघ. ‘हो’ आलं तर प्रश्न मिटला. ‘रविवारी आईला घेऊन डोंबिवलीला जायचंय, मंगळवारी ऑफिसातून निघताना चालेल?’ असं आलं तर तेही होच आहे. ‘फोन खरंच नको, मी बोलताना अडखळतो, पण भेटायला आवडेल’ असं आलं तर फोनचा हट्ट तिथेच सोड. पुणे-ठाणे काही फार लांब नाही. एखाद्या शनिवारी दुपारी गजबजलेल्या कॅफेत तासभर भेटा, घरी कोणाला तरी सांगून जा. आणि भेटल्यावर त्याचा शब्द अडला तर तो तू पूर्ण करू नकोस, थांब. या सगळ्या उत्तरांत तो स्वतःहून काहीतरी पुढे ठेवतो आहे. नकारासोबत दुसरा पर्याय आला की माणसाला पुढे जायचं आहे असं मी समजते. ‘बघू गं’, ‘सांगतो’, किंवा विषयच बदलून ‘जेवलीस का?’ असं आलं तर मात्र ते लक्षात ठेव. त्याबद्दल पुढे सांगते.

फोन अवघड वाटतो एवढंच त्याने कबूल केलं, तर मध्ये व्हॉइस नोटची पायरी घे. चॅट आणि फोन यांच्यामधली ही फार चांगली जागा आहे, कारण तिथे आवाज असतो पण उत्तर लगेच द्यावं लागत नाही. पहिली नोट तू पाठव, वीस-तीस सेकंदांची. त्यात प्रश्न विचारू नकोस, नाहीतर त्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटेल. आवाजातच मजा असलेलं काहीतरी सांग: रिक्षावाल्याशी झालेला संवाद, खिडकीतला पाऊस, आजीची एखादी म्हण तिच्याच ढंगात. ‘तू लिहून उत्तर दिलंस तरी चालेल’ असं खाली टाइप कर आणि खरंच चालू दे. त्याला हेही सांग की व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करताना बटण वर सरकवून लॉक केलं तर पाठवण्याआधी स्वतःची नोट ऐकता येते, नको वाटली तर पुसून टाकता येते. आपला आवाज पुढे कोणाला पाठवला जाईल अशी चिंता असेल तर एकदाच ऐकता येणारी नोटही पाठवता येते. ही सोय व्हॉट्सॲपने डिसेंबर २०२३ मध्ये आणली. आठवड्याभरात त्याच्याकडून दोन-तीन नोटा आल्या की वरचा गुरुवारचा मेसेज पाठव. तोवर तुम्ही एकमेकांच्या आवाजाला सरावलेले असाल.

फोन झालाच, तर पहिली दोन मिनिटं कोरडी जातील हे धरून चाल. चॅटमध्ये विनोद करणारा माणूस फोनवर ‘हो’, ‘बरोबर’, ‘मग’ एवढ्यावर येऊ शकतो. ‘अरे, तुझा आवाज वेगळाच आहे!’ किंवा ‘तू किती कमी बोलतोस!’ हे कौतुकाने म्हटलंस तरी तो गप्प होईल. ट्रेकची गोष्ट विचार आणि त्याला बोलू दे. दोन वाक्यांच्या मध्ये तो थांबला तर लगेच भर घालू नकोस. फोनवरची तीन सेकंदांची शांतता खूप मोठी वाटते, पण त्यात तो पुढचं वाक्य जुळवत असतो. ‘आपलं नक्की काय चाललंय?’ हा प्रश्न या पहिल्या फोनवर काढू नकोस. आणि गप्पा रंगल्या तरी ठरल्याप्रमाणे दहा-बारा मिनिटांत तूच आटोप. दुसरा फोन यायचा असेल तर पहिला थोडा लवकर संपलेला बरा. नंतर एक ओळ लिही, ‘आवडलं बोलून’, आणि तिथेच सोड. एका फोनवरून त्याला नापासही करू नकोस. दुसरा किंवा तिसरा फोन झाल्यावर खरा अंदाज येतो.

मैत्रिणीची शंका मी उडवून लावणार नाही. आठवडेच्या आठवडे गोड लिहायचं, फोन आणि भेट टाळायची, आणि विश्वास बसला की कुठल्या तरी ट्रेडिंग ॲपमध्ये किंवा क्रिप्टोत पैसे गुंतवायला सांगायचे, नाहीतर अचानक आलेल्या अडचणीसाठी उसने मागायचे, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. त्याने आजवर पैशाचा विषय काढला नसेल तर ते चांगलं. काढला, तर त्या क्षणी थांब. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन कर आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदव. उशीर होईल तसं पैसे अडवणं कठीण होतं. लग्न झालेला माणूसही फोन टाळतो. तिथे अनेकदा ऑफिसच्या वेळात भरभरून मेसेज येतात आणि शनिवार-रविवार तो गायब होतो. तुझ्या पत्रातलं वेळापत्रक तसं नाही, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस.

आणि एक खबरदारी. फोनवर आवाज ऐकला म्हणजे ओळख पटली असं नाही. फसवणारेही फोनवर गोड बोलतात. जवळीक आवाजाने वाढेल, पण माणूस तोच आहे का हे बघायला प्रत्यक्ष भेटीआधी एकदा दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करायला सांग. हे लपूनछपून नको, सरळ सांग: ‘मी कोणालाही भेटण्याआधी एकदा व्हिडिओवर बोलते.’ कारण मागितलं तर ‘माझा नियम आहे’ एवढं पुरे. तोवर घराचा पत्ता, ऑफिसचं नाव आणि खासगी फोटो तुझ्याकडेच राहू देत.

आता ‘बघू गं’बद्दल. योग्य वेळी, नीट वार-वेळ देऊन तू विचारलंस आणि उत्तर धूसर आलं, तर दहा-बारा दिवसांनी आणखी एकदाच विचार, या वेळी निवड त्याच्या हातात देऊन: ‘फोन, व्हॉइस नोट की भेट, तुला काय सोपं पडेल?’ याही वेळी काहीच पुढे आलं नाही, तर कारण शोधत बसू नकोस. ते लाज असेल, दुसरं कोणी असेल, किंवा त्याला रात्रीच्या सोबतीपलीकडे काही नको असेल. त्याला फक्त चॅट हवं असणं हा गुन्हा नाही, पण तुला ते पुरत नाही, आणि तो निर्णय तू त्याच्या कारणाशिवायही घेऊ शकतेस. तेव्हा एवढं लिही: ‘तुझ्याशी गप्पा मारायला मला खूप आवडतं. पण मला ओळख पुढे न्यायची आहे आणि नुसत्या चॅटवर ते माझ्याने होणार नाही. तुला बोलावंसं किंवा भेटावंसं वाटलं तर वार-वेळ सांग, मी नक्की येईन. तोवर मी रात्रीचं चॅट थांबवते.’ आणि खरंच थांबव. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला ‘झोपलीस का?’ असा मेसेज येण्याची शक्यता दाट आहे. त्यात वार नसेल, वेळ नसेल, तर त्याला उत्तर देऊ नकोस.